वीस अक्षरांचा रकाना

बँकेच्या शाखेत त्यांना सगळे अचूकराव म्हणत. हे काही आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. चाळीस वर्षे एकाच खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या की असली नावे आपोआप चिकटतात. पावतीवरची तारीख एका दिवसाने पुढे गेलेली असली तरी अचूकराव ती दोन बोटांत धरून परत सरकवत, आणि माणूस निमूटपणे बाकावर बसून दुसरी पावती लिही. निवृत्तीला आता अकरा दिवस राहिले होते. निरोपाच्या पाटीवर ‘चाळीस वर्षे, एकही चूक नाही’ असे कोरून यायचे होते, आणि तो मजकूर त्यांनी स्वतःच तपासून दिला होता.

बुधवारी दुपारी इस्त्रीवाली बाई तिसऱ्यांदा त्यांच्या खिडकीशी आली. कोपऱ्यावरच्या झाडाखाली एकोणीस वर्षे तिचे टेबल उभे होते. ऊन, धूळ, वरून पडणारा पाला, सगळे झेलत तिने अर्ध्या वस्तीचे सदरे कडक केले होते. आता नगरपालिकेच्या नव्या बाजारात तिला सोडतीत गाळा लागला होता. छप्पर, दरवाजा, विजेचा मीटर, सगळे तिच्या नावाचे. फक्त एक अट होती. वाटप कार्यालय तिच्या बँक खात्यावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव संगणकावर जुळवून पाहणार, आणि शुक्रवारी पाचपर्यंत ती दोन्ही जुळली नाहीत तर गाळा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. तीनदा तपासणी झाली होती. तिन्ही वेळा पडद्यावर तेच आले होते: नाव जुळत नाही.

बाईने खिडकीच्या फळीवर तीन कागद ओळीने मांडले. ओळखपत्र, बँकेचे पुस्तक आणि लग्नाचा दाखला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हते, पण मराठी चांगले येत होते. ती एकेका नावावर बोट ठेवत म्हणाली, “साहेब, हे बघा. इथं मी, इथं पण मी, आणि इथं पण मीच. कान्यामात्रेचाही फरक नाही. मग ते मशीन मला ओळखत का नाही?”

“मशीन मराठी बघत नाही, बाई. त्याला इंग्रजी अक्षरं लागतात. कार्डावर इंग्रजीत एक आहे, आमच्याकडे दुसरं आहे.”

“मग चुकलंय कुणाचं?”

अचूकरावांनी मागच्या दोन खेपांना जे सांगितले होते तेच पुन्हा सांगितले. बँकेचे रेकॉर्ड जुने, कार्ड नंतरचे, म्हणून चूक कार्डात. उद्या पहाटेच कार्डाच्या केंद्रावर जा, आमचे पुस्तक पुरावा म्हणून दाखवा आणि कार्डावरचे इंग्रजी नाव पुस्तकाप्रमाणे करून आणा. हे वाक्य त्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या जणांना सांगितले होते की तोंडाला त्याची सवय झाली होती.

सांगता सांगता त्यांची नजर कार्डावरच्या इंग्रजी ओळीवर गेली. बाईचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव, तिन्ही पूर्ण आणि तिन्ही लांबलचक. बँकेच्या पुस्तकात मात्र तिच्या नावातली दोन-तीन अक्षरे गळालेली, नवऱ्याच्या नावाचे एकच आद्याक्षर, आणि मग आडनाव. त्यांनी नकळत मोजले. मधल्या मोकळ्या जागा धरून बरोबर वीस. पुन्हा मोजले, तरी वीसच.

बाई कागद गोळा करत होती. तिला थांबवायला तोंड उघडायचे तेवढेच काम होते, पण अचूकरावांनी ते उघडले नाही. पुढच्या माणसाची पावती घेतली, तारीख तपासली आणि बाईला जाऊ दिले. बाईमाणसाची पहाट वाया जाणार हे ठाऊक असूनही त्यांनी तिला जाऊ दिले, हे इथेच सांगून टाकलेले बरे.

बँक बंद व्हायच्या सुमारास त्यांनी मॅनेजर मॅडमकडे सहज विचारल्यासारखा विषय काढला. मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, या शाखेत येऊन सहाच महिने झालेल्या, आणि कामाला चोख होत्या. त्या म्हणाल्या, ग्राहकाला नाव बदलायचे असेल तर नोटरीपुढचे प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, राजपत्रात प्रसिद्धी, मग आपण बदलू. त्याला आठवडे लागतात. शुक्रवारपर्यंत शक्यच नाही. अचूकरावांनी मान हलवली आणि ताकास तूर न लागू देता जेवणाचा डबा पिशवीत टाकला.

घरी चहा गार झाला तरी त्यांचे लक्ष नव्हते. उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे. वर्तमानपत्राचे एकच पान तीनदा उलटले. बायकोने शेवटी विचारले, “अहो, पायाला भिंगरी लागलीय का? बसा की एका जागी.”

बसता येत नव्हते, कारण चोराच्या मनात चांदणे. त्यांना अठरा वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा डोळ्यांपुढे दिसत होता. शाखेत पहिला संगणक आला होता आणि मराठी खातेवह्यांतली सगळी नावे इंग्रजीत चढवायची होती. ते काम अचूकरावांनी मागून घेतले होते, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून ते नीट झाले नसते. त्या संगणकात नावाच्या रकान्यात वीस अक्षरे मावत, एकविसावे घेतच नसे. छोट्या नावांचे काही अडले नाही. मोठी नावे आली की अचूकराव त्यांची कापणी करत. मधली अक्षरे उडवायची, नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावाचे एक अक्षर ठेवायचे, आणि नाव रकान्यात असे चपखल बसवायचे की एकही जागा रिकामी राहू नये. तेव्हाच्या साहेबांनी पाठ थोपटली होती. पुढे नवी यंत्रणा आली, रकाना लांब झाला, पण जुनी नावे होती तशीच कापलेली पुढे आली. सवडीने नीट करू, असे अचूकराव म्हणाले होते. ती सवड काही आली नाही. मग जागोजागी नावे जुळवून पाहायची पद्धत सुरू झाली, लोक खिडकीशी येऊ लागले, आणि अचूकरावांनी त्यांना कार्डाच्या केंद्राकडे पिटाळायला सुरुवात केली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात, ते हेच.

त्यांनी बायकोला सांगितले. सगळे नाही, अर्धेच. एका बाईच्या नावात बँकेकडून घोळ झालाय म्हणाले. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, “बँकेकडून म्हणजे कुणाकडून?”

ते पुन्हा खिडकीपाशी गेले.

गुरुवारी शाखा उघडायच्या आधी अर्धा तास ते दारात उभे होते. शिपायाकडून किल्ली घेतली आणि मागच्या रेकॉर्डच्या खोलीत शिरले. खोलीत जुन्या पुठ्ठ्यांचा आणि उंदरांचा वास भरला होता. गठ्ठे वर्षांप्रमाणे लावलेले होते, कारण ते त्यांनीच लावलेले होते. वीस मिनिटांत बाईचा खाते उघडण्याचा अर्ज सापडला. मराठीत, पूर्ण नाव, खाली तिची ठसठशीत सही. अर्ज भरणाऱ्याचे अक्षर त्यांचे स्वतःचे. मग संगणकावर चढवलेल्या नावांची यादी सापडली. तिच्या ओळीसमोर कापलेले इंग्रजी नाव आणि कडेला त्यांची छोटी, नेटकी आद्याक्षरे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची तरी कुणाकडे.

त्यांनी कोरा कागद घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिले. खातेदाराने मूळ अर्जात नाव बरोबर दिले होते. संगणकावर घेताना रकाना पुरेना म्हणून ते माझ्याकडून कापले गेले. पुढे दुरुस्त करायचे राहून गेले. खाली सही आणि तारीख. कागद, अर्ज आणि यादी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. शाळेत छडी खायला उभे राहतात तसे.

मॅडमनी सगळे दोनदा वाचले. मग म्हणाल्या, “काका, हे तुम्ही काल का नाही सांगितलंत?”

“काल धीर झाला नाही.”

मॅडमनी तिन्ही कागद ओळीने लावले. नाव बदलणे वेगळे आणि चूक दुरुस्त करणे वेगळे, त्या म्हणाल्या. बाईने नाव बदललेलेच नाही, तिचे नाव खाते उघडल्यापासून तेच आहे. आपण ते चुकीचे चढवले. त्याला राजपत्र नको, जाहिरात नको, वकील नको. बाईचा दुरुस्तीचा अर्ज, मूळ ओळखपत्र डोळ्यांनी पाहून घेतलेली प्रत, हा जुना अर्ज आणि तुमची ही टीप. नोंद एकाने करायची, दुसऱ्याने मंजूर करायची. तुम्ही केलीत तर मंजूर मी करते. आज तीनच्या आत केले तर उद्या सकाळी दिसेल.

“आणि ती पाटी थांबवा,” अचूकराव दारातून म्हणाले.

“पाटीचं नंतर बघू. बाईंना घेऊन या.”

बाईचा फोन लागत नव्हता. अचूकराव पहिल्यांदाच कामाच्या वेळेत खुर्ची सोडून रस्त्यावर आले. कोपऱ्यावर टेबल होते, कपड्यांचे गठ्ठे होते, इस्त्री थंड होती, आणि बाईची जाऊ राखणीला बसली होती. तिने सांगितले की बाई पहाटे पाचलाच केंद्रावर गेली आहे. बँकेच्या साहेबांनीच सांगितले म्हणून.

अचूकराव तिथूनच रिक्षा शोधू लागले. कार्डावरचे नाव उभ्या आयुष्यात दोनदाच बदलता येते, हे त्यांना ठाऊक होते. आणि एकदा, पहिल्या कार्डात नवऱ्याचे नाव चुकले म्हणून, बाईने ते बदललेले होते, हे तिनेच काल बोलता बोलता सांगितले होते. आज तिने बँकेच्या पुस्तकाप्रमाणे कार्डावर कापलेले नाव घालून घेतले की शेवटची संधी गेली. ते नाव मग लग्नाच्या दाखल्याशी जुळणार नाही आणि घराच्या कागदाशीही नाही. ते बदलून यायलाच किती दिवस लागतील ते वेगळे, तोवर शुक्रवार निघून जाईल. आणि इकडे बँकेत नाव पूर्ण झाले आणि तिकडे कार्डावर कापले गेले, तर दोन्ही नावे पुन्हा न जुळता समोरासमोर उभी. ते रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला इतक्या वेळा लवकर म्हणाले की त्याने शेवटी, काका, आजारी तुम्ही आहात की घरातलं कुणी, असे विचारले.

केंद्र म्हणजे एका इमारतीचा तळमजला. भिंतीलगत बाके, बाकांवर माणसे, माणसांच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद. काचेपलीकडे दोन संगणक, त्यातला एक बंद. वर लाल आकडा अडतीस. बाईच्या हातात एक्केचाळिसाची चिठ्ठी होती.

“बाई, उठा. चला बँकेत. इथं काही करायचं नाही.”

बाई हलली नाही. तिने चिठ्ठी पदराखाली धरली. पहाटे पाचपासून बसलीय साहेब, म्हणाली. दोनदा तुमच्या सांगण्यावरून आले, एकदा मशीन बंद, एकदा नंबर संपला. आज कुठं नंबर लागतोय. आज गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडलेत. आता उठणार नाही.

आकडा एकोणचाळीस झाला. अचूकरावांनी हळू आवाजात समजावून पाहिले. बँकेतूनच होईल, कार्ड बरोबर आहे, वरिष्ठांशी बोलणे झाले आहे. बाईने त्यांच्याकडे नीट पाहिले. सांगायचे ते राहून गेले की अशा बायकांना बरोबर कळते. दिवसभर लोकांच्या खिशातल्या चिठ्ठ्या काढून मगच सदरा इस्त्रीखाली घ्यायची त्यांना सवय असते.

“काल कार्ड चुकलं होतं, आज बरोबर झालं. रात्रीत काय झालं साहेब?”

आकडा चाळीस झाला. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत काचेकडे निघाले. बाई पिशवी सावरून उठायच्या बेतात होती, ती बँकेकडे नव्हे तर काचेकडे. अचूकराव तिच्या आणि काचेच्या मधे उभे राहिले आणि मोठ्याने बोलले. एवढ्या मोठ्याने ते खिडकीच्या आतूनही कधी बोलले नव्हते.

“चूक माझी आहे. तुमचं नाव मी कापलं. अठरा वर्षांपूर्वी, माझ्या हातानं, रकान्यात मावेना म्हणून. तुमचं कार्ड बरोबर आहे, तुमचा दाखला बरोबर आहे. मला माहीत असूनसुद्धा मी तुम्हाला काल इथं पाठवलं.”

मग काठीवाले गृहस्थ काचेपर्यंत न जाता वळले. त्यांनी बंडीच्या खिशातून एक पुस्तक काढले, त्याच बँकेचे, त्याच निळ्या पुठ्ठ्याचे. “माझंही बघा जरा. मलाही तुम्हीच पाठवलंय.”

मागच्या बाकावरून आणखी एक जण उठला. भिंतीशी उभी असलेली एक पोरगी आपल्या आजीचे पुस्तक घेऊन पुढे आली. अचूकरावांना एकेक चेहरा ओळखू येत होता. मागच्या महिन्यातला, मागच्या आठवड्यातला, परवाचा. या सगळ्यांना त्यांनी दोन बोटांत धरून परत सरकवले होते. त्यांना इतकी लाज वाटली की बसायला जागा असती तर ते बसले असते.

जागा नव्हती, म्हणून उभ्यानेच पुस्तके पाहिली. काठीवाल्यांचे नाव कापलेलेच होते, आजीचेही. मागून उठलेल्या माणसाचे मात्र बँकेत नीट आणि कार्डावर खरेच एक अक्षर भलते होते. त्याला ते म्हणाले, तुम्ही रांगेतच थांबा, जन्माचा दाखला दाखवा, आमचे पुस्तक पुरेसे नाही. बाकीच्यांना सांगितले की आधी सगळे कागद एका टेबलावर मांडा. जन्मापासून बरोबर असलेले नाव कोणते ते पाहा, आणि चुकलेला कागद त्याच्याकडे वळवा, त्याला चुकीकडे वळवू नका. एका वेळी एकच कागद बदला, तो बदलून हातात आला की मगच दुसरा. शाळेचा एखादा जुना कागद बदलताच येत नसेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून त्याला जोडा. चाळीस वर्षांत खिडकीतून त्यांनी कधी एवढे सांगितले नव्हते.

काचेपलीकडून एक्केचाळीस अशी हाक आली. बाईने हातातली चिठ्ठी पाहिली, अचूकरावांकडे पाहिले, आणि चिठ्ठी मागून उठलेल्या त्या माणसाला देऊन टाकली.

दुपारी अडीचला तिने दुरुस्तीच्या अर्जावर सही केली, वीस वर्षांपूर्वीच्या अर्जावर होती तशीच. अचूकरावांनी कार्ड समोर ठेवून नाव एकेक अक्षर करून भरले, तीनदा वाचले, आणि मॅडमनी ते स्वतः एकदा ताडून मंजूर केले. मॅडमनी विचारले, अशी आणखी किती. मोजली नाहीत, ते म्हणाले. “मोजा,” मॅडम म्हणाल्या. “अकरा दिवस आहेत ना?” दहाच होते, पण त्यांनी दुरुस्ती सांगितली नाही.

शुक्रवारी सकाळपासून त्यांचे कशात लक्ष लागेना. खात्यावर नाव पूर्ण दिसत होते, पण दिसणे वेगळे आणि जुळणे वेगळे. एखादी मोकळी जागा चुकीची पडली असेल का, कार्यालयातला माणूस जेवायला गेला असेल का. दर दहा मिनिटांनी ते दाराकडे पाहत. जुनी यादी टेबलावर उघडी होती आणि बोट पंचविसाव्या नावावर अडले होते.

पावणेएकला बाई आली. बाकावर बसली नाही, थेट खिडकीशी आली. तिने वाटप कार्यालयाचा शिक्का मारलेला कागद फळीवर ठेवला. नाव जुळले. गाळा क्रमांक, खाली तिचे मराठी नाव, त्याखाली इंग्रजी, दोन्ही पूर्ण.

अचूकरावांनी कागद उचलला, वाचला आणि तिला परत दिला. म्हणाले, “माझ्यामुळे फार त्रास झाला तुम्हाला.”

बाई कागदाची घडी घालत होती. इस्त्रीवालीची घडी, कडेला कडा लावलेली. तिने ती पिशवीत ठेवली आणि तिचे डोळे भरून आले.

“त्रासाचं काही नाही साहेब. पण दोन वर्षं जिथं जाईन तिथं हेच ऐकलं, की नाव लांब आहे म्हणून घोळ होतो. मी घरी जाऊन आईला बोलायचे. म्हणायचे, एवढं मोठं नाव कशाला ठेवलंस, कुणाच्या कागदात मावत नाही. ती म्हणायची, चुकलंच बाई माझं. गेली तेव्हाही तिला तेच वाटत होतं.”

बाई पिशवी उचलून निघून गेली. खिडकीशी काठीवाले गृहस्थ केव्हाचे उभे होते. अचूकरावांनी त्यांचे पुस्तक हातात घेतले, आणि पुस्तक उघडण्याआधी त्यांना विचारले की तुमचे नाव कुणी ठेवले होते, आणि ते पूर्ण कसे म्हणायचे.